माल आणि मूल : शाळेच्या बसमार्गाचा हिशोब

शाळेची बस कुठे थांबावी, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा वाटतो. घरे नकाशावर मांडावीत, शाळा मांडावी, आणि मधून एक रेघ ओढावी. माझाही पहिला समज काही काळ हाच होता. मात्र गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या रेघेसाठी जी गणिते मांडली गेली, ती क्रमाने वाचत गेल्यावर दिसते की हा प्रश्न मुळात वाटणीचा आहे. एका घराजवळ थांबा दिला, तर त्या घरातले मूल कमी चालते. त्याची किंमत मात्र बसमध्ये आधीच बसलेली मुले मोजतात. कोणी किती मोजावी, याचे उत्तर नकाशात नसते.

सुरुवात अमेरिकेत झाली. सार्वजनिक पैशातून मुलांना शाळेत वाहून नेण्याची कायदेशीर मुभा मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६९ मध्ये दिली. एकशिक्षकी शाळा बंद करून मोठ्या शाळेत मुले गोळा करायची, तर ती आणायची कशी, हा त्यामागचा व्यवहार होता. आधी घोडागाड्या आल्या, मग मोटारी. १९३९ मध्ये फ्रँक सायर या प्राध्यापकाने कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये परिषद भरवली. बसची मापे आणि आज जगभर ओळखला जाणारा पिवळा रंग तिथे ठरला. बस कशी असावी याचे दंडक झाले. ती कुठून जावी, हे मात्र भिंतीवरचा नकाशा, त्यावरच्या टाचण्या आणि ड्रायव्हरची आठवण यांवरच चालत राहिले.

मार्गाचे गणित आले ते दुसऱ्याच दारातून. १९५९ मध्ये जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता पेट्रोल : एका आगारातून निघणाऱ्या टँकरांनी अनेक पंपांना पुरवठा करायचा, तर एकूण अंतर कमीत कमी कसे राहील? पाच वर्षांनी, १९६४ मध्ये, मँचेस्टरच्या क्लार्क आणि राइट यांनी याच प्रश्नाला एक सोपी रीत दिली. ती इतकी सोपी आहे की पाटीवर करता येते. समजा, आगारापासून एक पंप ६ किलोमीटरवर आहे, दुसरा ७ किलोमीटरवर, आणि दोघांमध्ये अंतर २ किलोमीटर. दोन वेगळ्या खेपा केल्या तर १२ आणि १४ मिळून २६ किलोमीटर होतात. एकाच खेपेत दोन्ही उरकले तर ६, २ आणि ७ मिळून १५. वाचले ११. अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची, सगळ्यात मोठी बचत देणारी जोडी आधी जुळवायची, आणि टँकर भरेपर्यंत पुढे जुळवत जायचे. आजही मार्ग आखणाऱ्या बऱ्याच प्रणालींच्या पोटात हीच बेरीज-वजाबाकी दडलेली असते.

१९६९ मध्ये न्यूटन आणि थॉमस यांनी संगणकाने शाळेच्या बसचे मार्ग आखण्यावर निबंध लिहिला. सगळे थांबे आधी एकाच लांब फेरीत ओवायचे आणि मग बसमधल्या जागा व वेळ पाहून त्या फेरीचे तुकडे पाडायचे, अशी त्यांची पद्धत. १९७२ मध्ये बेनेट आणि गॅझिस यांनी न्यू जर्सीमधल्या टॉम्स रिव्हर या गावाच्या बसेससाठी क्लार्क-राइट रीत घेतली आणि तिच्यात फेरफार केला. तो फेरफार मला या साऱ्या इतिहासातला कळीचा वाटतो. टँकरमधले पेट्रोल एक तास हिंदकळले काय आणि तीन तास हिंदकळले काय, त्याची तक्रार नसते. मुलाची असते. म्हणून बसने किती अंतर कापले एवढ्यावर न थांबता, मुलांनी मिळून किती प्रवास केला हेही मोजायला हवे. बसमध्ये ३० मुले असताना गेलेले एक मिनिट म्हणजे तीस मिनिटे. मी माझ्या वहीत याला ‘मूल-मिनिट’ असे नाव दिले आहे. यापेक्षा बरा शब्द कोणाला सुचला तर हवाच आहे.

पण या सुरुवातीच्या मांडण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती : थांबे आधीच ठरलेले आहेत. ते कोणी ठरवले, का ठरवले, याची चौकशी नाही. मूल घरापासून थांब्यापर्यंत किती चालते हे मोजमापात ठळकपणे यायला बराच काळ गेला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वेलिंग्टन काउंटीसाठी बोवरमन, हॉल आणि कॅलमाई यांनी १९९५ मध्ये जी मांडणी केली, तिच्यात बसची संख्या, मार्गांची लांबी, मार्गांमधला समतोल आणि मुलांचे चालणे हे सगळे एकत्र तोलले आहे. मुलांच्या घरांचे बिंदू हा आरंभ, आणि थांबे हे उत्तराचा भाग. आपला प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो.

इथून पुढचे मी पुस्तकातून सांगणार नाही. प्रवरेकाठच्या एका शाळेने आपल्या बसचा मार्ग मला पाहायला दिला होता. मी ना अभियंता ना गणिती. या विषयावर वाचतो एवढीच माझी पात्रता. एक बस, ३४ मुले. गावात राहणारी थोडी, बाकी सगळी वस्त्यांवरची. आमच्याकडे शेतकरी ज्याच्या त्याच्या रानात घर बांधून राहतो, त्यामुळे घरे ओळीत सापडत नाहीत. पाटाच्या रस्त्याने, शिवरस्त्याने, चारीच्या कडेने विखुरलेली असतात. बस शाळेतून निघायची, नदीच्या उत्तर काठाने वर जायची, पुलावरून पलीकडे जाऊन दक्षिण काठाने परत यायची. एक गोल. जवळजवळ प्रत्येक वस्तीवर आत शिरत असल्याने २१ थांबे झाले होते, आणि फेरी दीड तासाच्या वर गेली होती.

पहिले काम घरांचे बिंदू गोळा करण्याचे. वर्गशिक्षकांनी पालकांना फोनवरून लोकेशन पाठवायला सांगितले. ते नकाशावर टाकले तेव्हा नऊ घरे शाळेच्याच आवारात निघाली. पालकसभेला आलेल्यांनी सभेत बसल्या बसल्या लोकेशन पाठवले होते. एका ठिकाणी बिंदूंचा असा ढीग दिसला की तो घरांचा नाही हे ओळखावे. दुसरा प्रकार अधिक गमतीचा. आमचा भाग साधारण १९.५ अक्षांश आणि ७४ रेखांशावर येतो. हे दोन आकडे कोणी उलटे लिहिले, की घर थेट उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळ बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. एक विद्यार्थी तिथून येत होता.

तिसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. अंशांतला फरक थेट अंतर म्हणून धरता येत नाही. एक अंश अक्षांश म्हणजे सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर; पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून एक अंश रेखांश आमच्याकडे सुमारे १०५ किलोमीटरचा आणि बोस्टनसारख्या उत्तरेच्या शहरात जेमतेम ८२ किलोमीटरचा भरतो. आमच्याकडे ही चूक शेकडा पाच-सहाची. तिकडे पूर्व-पश्चिम अंतर तिसऱ्या हिश्शाने फुगते. आणि हे सगळे नीट केले तरी हाती येते ते सरळ रेषेतले अंतर. एका वस्तीपासून प्रस्तावित थांबा सरळ रेषेत ४०० मीटरवर होता, पण मधे पाट, आणि पाटावरची मोरी एवढी लांब की पायी सव्वा किलोमीटर पडले असते. मी एक साधा नियम ठेवला : पायवाटेचे अंतर सरळ अंतराच्या दुपटीहून जास्त निघाले, तर ते घर प्रत्यक्ष जाऊन पाहायचे. तशी पाच घरे निघाली. पाचही ठिकाणी मधे पाणी होते.

मग थांबे. रीत अशी : मूल जास्तीत जास्त ५०० मीटर चालेल असे धरायचे. रस्त्यावर बस सुरक्षितपणे उभी राहू शकेल अशा सगळ्या जागा लिहून काढायच्या. ज्या जागेच्या ५०० मीटरमध्ये सर्वांत जास्त मुले येतात ती आधी निवडायची, ती मुले यादीतून वगळायची, आणि उरलेल्यांसाठी पुन्हा तेच करायचे. शेवटी एकटीदुकटी घरे उरतात. त्यांच्याकडे मी पुढे येईन. यात एक पथ्य आमच्या रस्त्यांसाठी पाळावे लागते. अमेरिकेत शाळेच्या बसने बाजूचा लाल फलक उघडला की दोन्हीकडची वाहने थांबतात. आपल्याकडे ती थांबत नाहीत. म्हणून मोठ्या रस्त्याच्या पलीकडची वस्ती शंभर मीटरवर असली, तरी लहान मुलांसाठी ती वेगळ्या थांब्याची धरावी.

५०० मीटरची मर्यादा ठेवून ११ थांबे झाले. बस १७ किलोमीटर चालते, त्याला सुमारे ४१ मिनिटे, आणि प्रत्येक थांब्याला सव्वा मिनिटाप्रमाणे १४ मिनिटे, मिळून ५५. मर्यादा एक किलोमीटरपर्यंत सैल केली तर ७ थांब्यांत भागते आणि फेरी ४४ मिनिटांवर येते. आधीच्या २१ थांब्यांच्या फेरीला ९३ लागत. म्हणजे सातावरून अकरावर जाताना ११ मिनिटे वाढतात आणि अकरावरून एकवीसवर जाताना ३८. वेळ खाणारी गोष्ट थांबणे ही नव्हेच. आत शिरणे, वळवणे आणि त्याच वाटेने परत येणे ही आहे. म्हणून नुसते थांबे मोजणारा फसतो. मुख्य रस्त्यावरचे दोन थांबे आडवाटेवरच्या एका थांब्याहून स्वस्त असतात.

किती स्वस्त, ते मूल-मिनिटांत पाहू. एका वस्तीवर दोन मुले आहेत, रस्त्यापासून ६०० मीटर आत. बस आत जाऊन परत येते : १.२ किलोमीटर, कच्च्या वाटेवर ताशी १५ च्या वेगाने पाच मिनिटे, थांब्याचे एक, एकूण सहा. बसमध्ये त्या वेळी २० मुले असली तर १२० मूल-मिनिटे खर्च झाली. बदल्यात दोन मुलांचे प्रत्येकी दहा मिनिटांचे चालणे वाचले, म्हणजे वीस. पण हीच वस्ती मार्गाच्या अगदी सुरुवातीला असती आणि बस रिकामी असती, तर इतर मुलांना काहीच भुर्दंड नव्हता. गेले असते ते डिझेल आणि बसवाल्या काकांची सहा मिनिटे. थांब्याची किंमत अशी त्याच्या जागेवर नव्हे, तर क्रमावर ठरते.

सकाळपुरते हे खरे. संध्याकाळ धरली की चित्र बदलते, आणि मला सर्वांत जास्त रस वाटला तो इथे. बहुतेक शाळा संध्याकाळी सकाळचा मार्ग उलटा चालवतात. सकाळी पहिला चढलेला मुलगा संध्याकाळी शेवटचा उतरतो. ५५ मिनिटांच्या फेरीत जो पाचव्या मिनिटाला चढतो, तो सकाळी ५० आणि संध्याकाळी ५० अशी शंभर मिनिटे बसमध्ये काढतो. शेवटच्या थांब्यावरचा आठ आणि आठ, सोळा. दोघांची फी एकच.

आता संध्याकाळी बस त्याच दिशेने फिरवा. पहिला मुलगा सकाळी ५० मिनिटे बसतो, संध्याकाळी पाचव्या मिनिटाला उतरतो : ५५. शेवटचा सकाळी ८ मिनिटे बसतो, संध्याकाळी ४७ : तेही ५५. मधल्या कोणत्याही मुलाचे काढा, बेरीज फेरीइतकीच येते. एक थेंब जादा डिझेल नाही, आणि वाटणी सारखी. शिवाय मूल दोन्ही वेळा रस्त्याच्या एकाच बाजूला चढते-उतरते.

याची किंमत मात्र आहे. उलट्या फेरीत मार्गाच्या टोकाची आडवाट कोणालाच महाग पडत नव्हती, कारण दोन्ही वेळा बस तिथे रिकामी असे. एकाच दिशेच्या फेरीत सकाळी जिथे बस रिकामी, तिथेच संध्याकाळी ती भरलेली. ती सहा मिनिटे सकाळी आधी चढलेल्यांना लागतात आणि संध्याकाळी उरलेल्यांना. म्हणजे वस्ती कुठेही असो, बाकीच्या ३२ जणांना दिवसातून एकदा, एकूण १९२ मूल-मिनिटे. वाटणी सारखी केली की स्वस्त आडवाट नावाची गोष्टच उरत नाही. तरी मी हीच दिशा सुचवली, कारण टोकाला राहणे हा त्या मुलाचा निर्णय नव्हता.

मोठ्या प्रमाणावर हेच ओढे काय करतात, ते बोस्टनमध्ये दिसले. त्या शहरात शाळेची बस हा शब्दच जखमेसारखा आहे. शाळांतला वर्णभेद मोडण्यासाठी १९७४ मध्ये न्यायाधीश गॅरिटी यांनी मुलांना बसने दुसऱ्या वस्त्यांतल्या शाळांत पाठवण्याचा आदेश दिला, आणि त्या सप्टेंबरात साउथ बोस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. चार दशकांनंतरही वाहतुकीचा खर्च तिथे मोठाच राहिला होता. २०१७ मध्ये शहराच्या शाळा खात्याने मार्ग आखण्याची खुली स्पर्धा लावली. सुमारे २५,००० मुले, २३० शाळा, ६५० बस. जिंकले ते एमआयटीचे डिमिट्रिस बर्टसिमास, आर्थर डेलारू आणि सेबास्टियन मार्टिन. त्यांच्या पद्धतीतला मुख्य धागा आपल्या ओळखीचा आहे. प्रत्येक शाळेसाठी एकच ‘उत्तम’ मार्गसंच न काढता त्यांनी अनेक पर्याय तयार केले : काहींत बस कमी आणि प्रवास लांब, काहींत बस जास्त आणि प्रवास आखूड. मग सर्व शाळांचे पर्याय एकत्र ठेवून असा मेळ निवडला, की एका शाळेची फेरी संपवलेली बस वेळेत दुसऱ्या शाळेच्या फेरीला लागेल. त्या वर्षी सुमारे ५० बस कमी झाल्या आणि अंदाजे ५० लाख डॉलर वाचले.

पुढे त्यांनी शाळांच्या वेळाच नव्याने बसवून दाखवल्या. डिसेंबर २०१७ मध्ये ते वेळापत्रक जाहीर झाले आणि पालकांनी इतका गदारोळ केला की त्याच महिन्यात मागे घ्यावे लागले. काही लहान मुलांची शाळा भल्या सकाळी सव्वासातला भरून दुपारी लवकर सुटणार होती. त्यांना घरी कोण पाहणार, याचा रकाना गणितात नव्हता.

दुसरा धडा केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा. ड्रायव्हर कमी होते, म्हणून मार्ग कमी केले आणि शाळा भरण्याच्या नऊ वेगवेगळ्या वेळा ठेवल्या. ९ ऑगस्ट २०२३ हा पहिला दिवस. शेवटची मुले घरी पोचली तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते. पुढचा आठवडाभर शाळा बंद ठेवाव्या लागल्या. एका बसच्या मागे दोन-तीन शाळांच्या फेऱ्या लावल्या की पहिल्या फेरीचा उशीर दुसरीत उतरतो आणि तिथे वाढतो. पहिल्या दिवशी तर प्रत्येक थांबा नेहमीपेक्षा लांबतो : ड्रायव्हरला रस्ता नवा, मुलाला बस नवी. म्हणूनच आमच्या शाळेला मी फेऱ्या आठवडाभर आधी रिकाम्या चालवून, प्रत्येक थांब्याची घड्याळी वेळ लिहून ठेवायला सांगितले. उसाचा हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि ४१ मिनिटांचे अंतर ५० मिनिटांनाही आवरत नाही. म्हणून हंगामासाठी सकाळची सुटण्याची वेळ वेगळी लिहिली.

आता त्या उरलेल्या घरांकडे. बाकीच्यांचे काही ना काही जमले. एक जमेना. दक्षिण काठाला, मुख्य रस्त्यापासून एक किलोमीटर आत, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि वस्तीवर शाळेत जाणारी एकच मुलगी, आठवीतली. बस आत न्यायची तर नऊ मिनिटे. इतर ३३ मुलांचे मिळून जवळजवळ ३०० मूल-मिनिटे रोज, आणि तिचे वाचणारे चालणे दोन्ही वेळचे धरून ३४. बेरजेच्या हिशोबात हा थांबा कधीच बसला नसता, आणि बेरजेचा हिशोब अपुरा कुठे पडतो तेही इथेच दिसले. ३३ मुलांची नऊ-नऊ मिनिटे ही ३३ लहान गैरसोयी असतात. त्या मुलीचे एक किलोमीटर म्हणजे हिवाळ्यात अंधारात उसातून एकटीने जाणे, आणि तिच्या आईने सांगितल्याप्रमाणे ते जमले नाही तर शाळा बंद.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेला परिवहन समिती ठेवावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि थांब्यांचा विचार हे तिचे काम. मी समितीपुढे बेरीज ठेवली नाही, दोन मर्यादा ठेवल्या : कोणत्याही मुलाचा दिवसाचा प्रवास ६० मिनिटांच्या वर जाऊ नये, आणि कोणतेही लहान मूल किंवा एकटी मुलगी ५०० मीटरहून जास्त चालू नये. या दोन्हींत बसणारा मार्ग असेल तर तो घ्यायचा, मग बेरीज काहीही येवो. ५५ आणि ९ मिळून ६४ होत होते. चार मिनिटे कुठून तरी काढायची होती. उत्तर काठाला एक आडवाटेचा थांबा होता, नववी-दहावीच्या चार मुलांचा. तो मुख्य रस्त्यावरच्या शेजारच्या थांब्यात मिसळला तर पाच मिनिटे वाचत होती. मुलांना ६५० मीटर चालावे लागणार होते. बैठकीत त्यांच्यापैकी एकाचे वडील म्हणाले, “सर, आमची पोरं दिवसभर क्रिकेट खेळत्यात, तेवढं चालतील की.” बाकीच्या तिघांच्या घरी मुख्याध्यापक स्वतः जाऊन विचारून आले.

थांबे पुन्हा अकराच राहिले. फेरी ५९ मिनिटांची झाली.